‘शुगर कम हो गई’ म्हणजे नेमकं काय? रमजानपूर्वीचा मोहल्ला सर्व्हे कसा तयार करावा

रमजान जवळ आला की अनेक मोहल्ल्यांत शुगरच्या म्हणजे मधुमेहाच्या रुग्णांसाठी जनजागृतीचा कार्यक्रम ठेवला जातो. डॉक्टर साहब येतात, अर्धा-पाऊण तास बोलतात, पत्रकं वाटली जातात, चहा होतो. शेवटी ‘लोकांना माहीतच नसतं हो’ असं म्हणत सगळे घरी जातात. पण लोकांना नक्की काय माहीत नाही, हे कोणी विचारलेलं असतं का? आणि माहीत असूनही ते तसं वागत नसतील, तर तीच माहिती पुन्हा सांगून काय साधणार?

हे आधीच कळावं म्हणून मोहिमेपूर्वी एक छोटा सर्व्हे करतात. आरोग्य क्षेत्रात त्याला ‘केएपी’ सर्व्हे म्हणतात. नॉलेज, अॅटिट्यूड आणि प्रॅक्टिस या तीन शब्दांची ती आद्याक्षरं. मराठीत ज्ञान, दृष्टिकोन आणि आचरण. आपल्या घरच्या भाषेत सांगायचं तर इल्म, सोच आणि अमल. ही पद्धत १९५०च्या दशकात कुटुंब नियोजनाच्या कामातून पुढे आली. तेव्हाच्या सर्व्हेंतून एक गोष्ट वारंवार दिसली. आणखी मूल नको असं सांगणाऱ्या कित्येक स्त्रिया प्रत्यक्षात कोणतंच साधन वापरत नव्हत्या. बोलणं आणि वागणं यांतलं हे अंतर शोधणं हेच या सर्व्हेचं खरं काम आहे. फॉर्म नीट तयार झाला नाही तर नेमकं तेच अंतर झाकलं जातं. म्हणून आम्ही इथे एकच उदाहरण घेऊन हा फॉर्म कसा तयार करावा ते सांगत आहोत. उदाहरण आहे रोजा ठेवणाऱ्या शुगरच्या रुग्णांचं.

आधी एकच वर्तन ठरवा

पहिली चूक इथेच होते. चार जण बसतात आणि ‘हेही विचारू, तेही विचारू’ करत साठ प्रश्नांचा फॉर्म बनवतात. त्याऐवजी आधी ठरवावं, की मोहिमेनंतर लोकांनी कोणती एक गोष्ट करावी अशी आपली अपेक्षा आहे.

आमच्या उदाहरणात ती गोष्ट अशी: शुगरचा रुग्ण रोजा ठेवत असेल तर त्याने रोजाच्या वेळेत बोटाला सुई टोचून शुगर तपासावी, आणि ती धोक्याच्या पातळीवर असेल तर रोजा सोडावा. ही पातळी डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. शुगर ७०च्या खाली गेली किंवा ३००च्या वर गेली, तर वेळ कोणतीही असो, रोजा तिथेच सोडायचा. इफ्तारला दहा मिनिटं उरली असली तरीही. इन्सुलिन घेणाऱ्यांना आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना शुगर खाली जाण्याचा धोका जास्त असतो.

बोटाला सुई टोचल्याने रोजा तुटतो का, ही शंका अनेकांच्या मनात असते. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९७च्या ठरावात तपासणीसाठी रक्त काढल्याने रोजा तुटत नाही असं सांगितलं आहे. आजारी माणसाला मिळालेली सवलत तर सूरह बकराच्या १८४ आणि १८५ या आयतींतच आहे.

वर्तन एकदा ठरलं की प्रत्येक प्रश्नाला एकच कसोटी लावायची. या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं किंवा ‘नाही’ आलं, तर आपल्या मोहिमेत काही बदलेल का? बदलणार नसेल तर प्रश्न खोडून टाका. या कसोटीला वीसेक प्रश्न टिकतात. एका घरात पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ मागणं बरोबरही नाही.

प्रश्न लिहिण्यापूर्वी लोकांची भाषा ऐका

फॉर्म लिहायला बसण्याआधी आठ-दहा रुग्णांशी नुसत्या गप्पा माराव्यात, पुरुषांशी वेगळ्या आणि बायकांशी वेगळ्या. लोक आजाराबद्दल कोणते शब्द वापरतात हे त्यातून कळतं. आम्ही ही पायरी घाईत उरकली आणि आमची फजिती झाली.

आमच्या पहिल्या कच्च्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: ‘रोजे में शुगर कम हो जाए तो आप क्या करते हैं?’ एका खालांनी हसून उत्तर दिलं, “कम हो जाए तो अच्छा ही है ना बेटा, अल्लाह का शुक्र अदा करते.” पुढच्या दोन घरांतही तसंच काहीसं ऐकायला मिळालं. मग आमच्या लक्षात आलं. आयुष्यभर डॉक्टर त्यांना ‘शुगर कम करो’ असंच सांगत आले आहेत. त्यांच्यासाठी ‘शुगर कम होना’ म्हणजे आजार आटोक्यात येणं. आम्ही विचारत होतो जिवावर बेतणाऱ्या प्रसंगाबद्दल आणि त्या सांगत होत्या खुशखबर.

प्रश्नाचा मराठी तर्जुमा ‘रोजात साखर कमी झाली तर’ असा होता, त्यातही तीच खोट होती. शेवटी आम्ही प्रश्न असा बदलला: ‘रोजे की हालत में कभी एकदम पसीना छूटना, हाथ कांपना, घबराहट या आंखों के सामने अंधेरा, ऐसा हुआ क्या?’ मग त्याच खाला म्हणाल्या, “हां, वो तो पिछले रमजान में दो बार हुआ. लेट गई थी.”

म्हणून फॉर्म छापण्याआधी तो दहा-बारा लोकांवर तपासून पाहणं टाळू नये. फक्त उत्तर घ्यायचं नाही, तर ‘आमच्या प्रश्नाचा तुम्हाला काय अर्थ लागला?’ हेही विचारायचं. फॉर्म उर्दू आणि मराठी दोन्हींत असेल तर आणखी एक खबरदारी घ्यावी. एकाने उर्दूवरून मराठी करावं आणि ज्याने मूळ प्रश्न पाहिलेले नाहीत अशा दुसऱ्याने ते मराठी पुन्हा उर्दूत आणावं. दोन उर्दू प्रश्न जुळले नाहीत, तर मधला तर्जुमा कुठेतरी घसरला आहे.

इल्म, सोच, अमल: तिघांना विचारायची रीत वेगळी

आधी अमल घेऊ. ‘तुम्ही नियमित शुगर तपासता का?’ असं विचारलं की बहुतेक जण मान डोलावतात. ‘नियमित’ या शब्दात प्रत्येकाला आपली सोय सापडते. त्याऐवजी ठरावीक काळातली ठरावीक घटना विचारावी: ‘पिछले रमजान में, सहेरी के बाद और इफ्तार से पहले, एक बार भी मशीन से शुगर चेक की थी क्या?’ वेळेची मर्यादा इथे मुद्दाम घातली आहे. इफ्तारनंतर तपासणारे पुष्कळ असतात, पण आपल्याला रोजाच्या हालतीतली तपासणी हवी आहे. ही अट घातली नाही तर दोन्ही एकत्र मोजले जातात आणि चित्र खोटंच चांगलं दिसतं.

इल्म तपासताना ‘माहीत आहे का?’ हा प्रश्नच टाळावा. ‘शुगर खाली गेल्याची लक्षणं माहीत आहेत का?’ याला कोण नाही म्हणेल? त्याऐवजी ‘बदन में क्या क्या महसूस होता है?’ असं मोकळं विचारायचं. फॉर्मवर घाम, थरथर, घबराहट, भूक, चक्कर अशी यादी असते, पण ती वाचून दाखवायची नाही. समोरचा स्वतःहून जे सांगेल त्यावरच खूण करायची. यादी वाचली की माणूस सगळ्यालाच ‘हां, हां’ म्हणतो. ‘पता नहीं’ हेही एक उत्तर म्हणून फॉर्मवर हवं, नाहीतर लोक अंदाजाने काहीतरी सांगतात.

सर्वांत नाजूक आहे सोच. ‘तब्येत बिघडली तर रोजा सोडणं योग्य आहे का?’ असं थेट विचारलं तर माणूस आपलं मत सांगत नाही. समोरच्याला काय ऐकायला आवडेल ते सांगतो. विचारणारा डॉक्टरकडून आलेला वाटला तर ‘हो’, जमातीकडून आलेला वाटला तर ‘नाही’. म्हणून तिसऱ्याच माणसाची गोष्ट सांगावी: ‘एक साहब की शुगर असर के वक्त ६० निकली. वो कहते हैं, अब तो इफ्तार को थोड़ा ही वक्त है, पूरा कर लेता हूं. आपके हिसाब से इस मोहल्ले के ज्यादातर लोग क्या करेंगे? और आप होते तो?’ दुसऱ्याबद्दल बोलताना लोक मोकळे होतात, आणि ‘ज्यादातर लोग’ या उत्तरातून मोहल्ल्याचा दबाव कळतो. रोजा सोडणारा माणूस अनेकदा गुनाहपेक्षा घरातल्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या नजरेलाच जास्त घाबरत असतो.

प्रश्नांचा क्रमही उलटा ठेवावा लागतो. नावात इल्म आधी आहे, पण फॉर्ममध्ये अमल आधी, मग सोच, आणि इल्म शेवटी. ‘सुई टोचल्याने रोजा तुटतो का?’ असं आधी विचारलं, तर माणूस सावध होतो आणि पुढच्या उत्तरांत आपलं वागणं सुधारून सांगतो. वय, शिक्षण, कमाई हे प्रश्न अगदी शेवटी. सुरुवातीलाच विचारले की लोकांना चौकशी आल्यासारखं वाटतं.

कोणाला विचारायचं, किती जणांना

जुम्माच्या नमाजनंतर मशिदीबाहेर शंभर फॉर्म भरून घेणं सर्वांत सोपं आहे आणि सर्वांत चुकीचंही. त्यात बायका येत नाहीत, आणि खूप आजारी माणसं तर घरातच असतात. म्हणून घराघरांतच जावं लागतं.

किती घरं? ठरवलेल्या पद्धतीने निवडलेल्या शंभर जणांना विचारलं, तर मिळालेला आकडा खऱ्या आकड्यापेक्षा साधारण दहा टक्के वर किंवा खाली असू शकतो. हा फरक पाच टक्क्यांवर आणायचा असेल तर दोनशे नव्हे, जवळजवळ चारशे लोक लागतात. मोहल्ल्याच्या मोहिमेला शंभर बऱ्याचदा पुरतात. ‘बहुतेक जण तपासतात’ की ‘जवळजवळ कोणीच तपासत नाही’ एवढं कळलं तरी दिशा ठरते.

समजा मोहल्ल्यात १२०० घरं आहेत आणि साधारण चार घरांमागे एका घरात मागच्या रमजानमध्ये रोजे ठेवलेला शुगरचा रुग्ण आहे. शंभर रुग्ण मिळायला चारशे घरं पाहावी लागतील, म्हणजे दर तिसरं घर. पहिल्या तीन घरांतलं एक चिठ्ठी टाकून निवडायचं आणि तिथून दर तिसरं घर मोजत जायचं. घर बंद असेल तर शेजारचं उघडं घर घ्यायचं नाही. वेगळ्या वेळी आणखी दोनदा जायचं. दिवसा बंद असलेली घरं बहुधा कामावर जाणाऱ्यांची असतात, आणि उन्हात किंवा कारखान्यात रोजा ठेवून राबणाऱ्यांनाच धोका जास्त असतो. एका घरात दोन रुग्ण असतील तर तिथेही चिठ्ठीच टाकायची. जो बोलका असेल त्यालाच विचारायचं असं नाही.

बायकांना विचारायला बायकाच जाव्यात, आणि शक्य असेल तर सासू किंवा मुलगा शेजारी नसताना. इमाम साहब आणि मोहल्ल्यातले डॉक्टर यांनी मोहिमेत जरूर असावं, पण फॉर्म भरायला जाऊ नये. त्यांच्या समोर कोणी ‘मी औषध चुकवलं’ असं सांगत नाही. दारात पाऊल ठेवतानाच सांगावं, की नाव लिहिणार नाही, आधार किंवा कोणताही कागद मागणार नाही, आणि नको वाटलं तर मधेच थांबता येईल. एनआरसी आणि सीएएच्या दिवसांपासून ‘सर्व्हे’ हा शब्द ऐकला की अनेक घरांत भीती वाटते, आणि ती समजण्यासारखी आहे. हे वाक्य नुसतं म्हणायचं नाही, पाळायचंही. फॉर्मवर नावाची जागाच ठेवू नये.

आकडे कसे वाचायचे

आम्ही शिक्षक मंडळी इथे हमखास चुकतो. प्रत्येक फॉर्मला मार्क देतो आणि ‘मोहल्ल्याचं ज्ञान ६२ टक्के’ असं जाहीर करतो. पण सर्व्हे म्हणजे परीक्षा नव्हे. मार्कांची बेरीज केली की नेमकी गरजेची गोष्ट दिसेनाशी होते. बेरीज न करता इल्म आणि अमल समोरासमोर मांडा.

उदाहरणासाठी कल्पित आकडे घेऊ. शंभरपैकी ६० जणांना ठाऊक आहे की सुई टोचल्याने रोजा तुटत नाही. त्यांतल्या १५ जणांनीच मागच्या रमजानमध्ये रोजाच्या वेळेत शुगर तपासली. उरलेल्या ४० जणांना वाटतं की रोजा तुटतो किंवा त्यांना नक्की माहीत नाही. त्यांतल्या दोघांनी तपासली. म्हणजे शंभरात फक्त १७ जण तपासतात. पण त्याहून महत्त्वाचे आहेत ते ४५ जण, ज्यांना माहीत आहे आणि तरीही जे तपासत नाहीत. ‘सुई से रोजा नहीं टूटता’ असं पत्रक त्यांच्यासाठी कोऱ्या कागदासारखंच.

म्हणून न तपासणाऱ्या प्रत्येकाला फॉर्ममध्येच ‘का नाही?’ हा मोकळा प्रश्न हवा. समजा या ४५ पैकी २८ जण म्हणाले की मशीन नाही किंवा स्ट्रिप महाग पडतात. मग पत्रकांचे पैसे वाचवून दोन-तीन मशीन घ्यावीत आणि जोहर ते मगरिबच्या दरम्यान ती कुठे मिळतील हे जाहीर करावं. एक मशीन बायकांना सहज जाता येईल अशा घरी असावी. पण २८ जण जर म्हणाले, ‘चेक किया और कम निकली तो रोजा तोड़ना पड़ेगा, इसलिए देखते ही नहीं’, तर मशीन फुकट देऊनही ती कपाटातच राहील. तिथे आलिम आणि डॉक्टर यांनी एका मंचावर बसून सवलत, कजा आणि फिदिया यांबद्दल बोलण्याची गरज आहे, आणि ते घरातल्यांच्या समोर. दोन्ही वेळी ‘अमल’चा आकडा १७च आहे, मोहीम मात्र पूर्ण वेगळी. ४५ जण ही संख्या लहान असल्याने इथे मागेपुढे होण्याची शक्यता शंभरांपेक्षा जास्त आहे, हे मात्र लक्षात ठेवावं. २८ विरुद्ध १० असा ठळक फरक असेल तरच त्यावर निर्णय घ्यावा.

सर्व्हे कधी, आणि त्याची मर्यादा

शुगरच्या रुग्णाने रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी आपल्या डॉक्टरला भेटून गोळ्यांचं आणि इन्सुलिनचं प्रमाण आणि वेळ ठरवून घ्यावी, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. म्हणजे ही भेट रजबच्या पहिल्या पंधरवड्याच्या आसपास येते. मोहीम त्याआधी सुरू व्हायला हवी, म्हणून सर्व्हे जमादिल आखिरमध्ये करणं बरं. शाबानमध्ये केला तर अहवाल छान होतो, पण औषधं बदलायला वेळ उरत नाही.

याची एक किंमत मोजावी लागते. मागचा रमजान तोवर आठ-नऊ महिने जुना झालेला असतो. ‘कितनी बार चेक किया?’ याला दिलेलं उत्तर मग अंदाजच असतो. म्हणून जे लक्षात राहतं तेच विचारावं: एकदा तरी तपासली का, रोजा सोडावा लागला का, दवाखान्यात न्यावं लागलं का, रमजानआधी डॉक्टरला भेटला होता का. यावरही पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, कारण हा सर्व्हे लोक काय सांगतात ते मोजतो, प्रत्यक्ष काय करतात ते नाही. पडताळ्यासाठी ‘मशीन दाखवता का?’ असं नम्रपणे विचारता येतं. बऱ्याच मशीनमध्ये जुने आकडे साठवलेले असतात, आणि मशीनची बॅटरीच संपलेली असेल तर त्यातही उत्तर आहे.

रमजाननंतर शव्वालमध्ये तोच सर्व्हे पुन्हा करावा. प्रश्नाचा एक शब्दही बदलू नये, निवडीची पद्धतही तीच ठेवावी. तरीही शंभर-शंभर लोकांच्या दोन सर्व्हेंमध्ये १७चे २२ झाले, तर त्याला यश म्हणू नये. एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. १७चे ४० झाले तर मात्र काहीतरी खरंच बदललं आहे.

आणखी एक गोष्ट फॉर्मच्या शेवटी असायलाच हवी. सगळे प्रश्न संपल्यावर, आणि संपल्यावरच, प्रत्येक घरात एक चिठ्ठी द्यायची: ७०च्या खाली किंवा ३००च्या वर शुगर असेल तर रोजा सोडा, घाम, थरथर, घबराहट झाली तर लगेच तपासा, मशीन नसेल तर वाट न पाहता काहीतरी गोड घ्या, डॉक्टरांना रमजानआधी भेटा. चिठ्ठी आधी दिली तर उत्तरं बिघडतात. पण इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने आपल्या समोर चुकीचं उत्तर दिलं आणि आपण खूण करून उठून गेलो, तर ते गैर आहे. त्या खालांच्या घरून निघताना आम्ही हेच केलं. त्यांनी चिठ्ठी सुनेकडून दोनदा वाचून घेतली आणि विचारलं, “मतलब वो पसीना छूटा था, तब लेटना नहीं था, कुछ मीठा लेना था?” तेव्हा आम्ही त्यांना सांगितलं, की हो, त्याच वेळी रोजा सोडून काहीतरी गोड घ्यायला हवं होतं.